रोमला उतरायचं, पॅरिसहून परतायचं: हे तिकीट महाग का दिसतंय? सल्ला हवाय

ठाणेकर मृण्मयी
मंडळी, मे महिन्यात युरोप करतोय, मी, नवरा आणि आई-बाबा, चार जण. रोम ३ रात्री, फ्लॉरेन्स २, व्हेनिस १, मग स्वित्झर्लंड ४ आणि शेवटी पॅरिस ३. मुंबई-रोम-मुंबई असं साधं रिटर्न बघितलं तर माणशी ५७,८०० दाखवतंय. पण मग पॅरिसहून परत रोमला यावं लागणार. म्हणून एका बुकिंग पोर्टलवर Multi-city मध्ये मुंबई-रोम आणि पॅरिस-मुंबई टाकलं तर थेट ८३,००० आले! माणशी पंचवीस हजार जास्त, चौघांचे लाख. यापेक्षा रोमला परत आलेलं बरं असं नवरा म्हणतोय. पण बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना पुन्हा एक विमान, पुन्हा बॅगा, नको वाटतंय. हे तिकीट इतकं महागच असतं का माझं काही चुकतंय?

विमानवेडा पुणे
ताई, मल्टिसिटीच्या नादी लागू नका. सरळ दोन सिंगल तिकीटं काढा, जाताना एक, येताना एक. मी कायम असंच करतो, नेहमी स्वस्त पडतं. जानेवारीत केरळला गेलो, पुण्याहून कोची आणि परत तिरुअनंतपुरमहून, दोन वेगळी तिकीटं, रिटर्नपेक्षा एक रुपया जास्त गेला नाही.

सुहास काका
पुणेकर, तुमचं केरळचं बरोबर आहे पण ते युरोपला लागू होत नाही. देशातल्या विमानांत भाडं एकेका बाजूचं लावलेलं असतं, रिटर्न म्हणजे फक्त दोन सिंगलची बेरीज, त्यामुळे परतीचं शहर बदललं तरी काही बिघडत नाही. लो कॉस्टवाल्यांचं बाहेरदेशीही बहुतेक तसंच असतं. मोठ्या कंपन्यांचं लांब पल्ल्याचं गणित वेगळं. त्यांचं स्वस्त भाडं रिटर्नचंच असतं, आणि एकेरी घ्यायला गेलं की रिटर्नच्या निम्म्यापेक्षा बरंच जास्त लागतं. मी तिकिटिंगमध्ये अठरा वर्षं काढली, गिऱ्हाइकाला हे समजावता समजावता दिवस जायचा.

मृण्मयी, आता तुझ्या प्रश्नाचं. एकाच तिकिटावर रोमला जाऊन पॅरिसहून परत यायचं असेल तर कंपनी काय करते, मुंबई-रोम रिटर्नचं अर्धं भाडं घेते आणि मुंबई-पॅरिस रिटर्नचं अर्धं घेते, आणि जोडते. म्हणजे आकडा या दोघांच्या मधोमध कुठेतरी यायला पाहिजे. तुला ८३ आले याचा अर्थ पोर्टलने बहुतेक दोन वेगवेगळ्या कंपन्यांची दोन एकेरी भाडी चिकटवलीयत. नीट बघ, जाताना एक कंपनी आणि येताना दुसरी आहे का?

आता असं कर. ज्या कंपनीचं ५७,८०० आलं तिचीच साइट उघड, तिथे मुंबई-पॅरिस-मुंबई साधं रिटर्न बघ, परतीची तारीख तुझीच ठेव. मग तिथेच मल्टिसिटीमध्ये दोन्ही टाक. तिन्ही आकडे इथे लिही.

ठाणेकर मृण्मयी
काका, तुमचं खरं निघालं, पोर्टलवर जाताना एक आणि येताना भलतीच कंपनी होती, मी बघितलंच नव्हतं. कंपनीच्या साइटवर मुंबई-पॅरिस रिटर्न ६४,६०० आणि मल्टिसिटी ६१,९००!!

सुहास काका
बरोबर आलं बघ. ५७,८०० चे अर्धे २८,९००, ६४,६०० चे अर्धे ३२,३००, बेरीज ६१,२००, वरचे सातशे टॅक्सच्या फरकाचे असतील. म्हणजे साध्या रोम रिटर्नपेक्षा तुला माणशी ४,१०० जास्त. हा जास्तीचा पैसा कशाच्या बदल्यात, ते मांडूया. पॅरिस-रोम स्वस्त विमान घेतलंस तरी चेक-इन बॅगेसकट मे महिन्यात साडेआठ हजार धर. पॅरिस शहरातून विमानतळावर जायचं आणि रोमला विमानतळावरून शहरात यायचं, दोन्हीकडचं मिळून पंचवीस-तीस युरो, रोमची लिओनार्डो एक्सप्रेस एकटीच १४ युरो घेते. युरो शंभर रुपये धरला तर हे अडीच ते तीन हजार, आपण २,७०० धरू. झाले ११,२००. त्यातून ४,१०० वजा केले तर माणशी ७,१०० वाचतात, चौघांचे २८,४००. आणि मुंबईचं विमान पकडायला रोममध्ये आदल्या रात्री राहावं लागलं तर हॉटेलचा खर्च वेगळाच, तो मी धरलेलाच नाही.

विमानवेडा पुणे
हे माहीत नव्हतं काका. पण मग मल्टिसिटी नेहमीच फायद्याची असंच झालं ना?

सुहास काका
नाही ना. पहिल्या शहरात परत जायला काहीच लागत नसेल तर साधं रिटर्नच बरं. समजा कोणी रोमला उतरून फ्लॉरेन्स, व्हेनिस फिरून इटलीतच थांबलं, तर व्हेनिसहून रोमला ट्रेनने चारेक तासांत येता येतं, तिकीट आधी काढलं तर फार महागही नसतं. उलट लहान शहरातून परतीची सीट घेतली की कधीकधी भाडं चढतं, तिथे रोजची विमानं कमी आणि खालच्या भाड्याच्या सीटा चटकन संपतात. आणि काही सेलची भाडी अशी असतात की ती फक्त त्याच दोन शहरांच्या रिटर्नला चालतात, दुसऱ्या शहराबरोबर जोडताच येत नाहीत. ओळखायची खूण तीच, दोन्ही रिटर्नांच्या अर्ध्यांची बेरीज कर, आकडा तिच्या आसपास असेल तर भाडं सरळ लागलंय, दहा-पंधरा हजारांनी वर असेल तर एका बाजूची स्वस्त सीट संपलीय किंवा जोडता येत नाहीये. अशा वेळी परतीची तारीख एक दिवस मागेपुढे करून बघायची, पुष्कळदा तेवढ्यानेच उतरतं.

नांदेडचा प्रवासी
माझं जरा वेगळं आहे, इथेच विचारतो. मी रोम-मुंबई नाही तर उलट्या टोकाचं म्हणतोय, जाताना मुंबईहून जायचंय कारण भाऊ तिकडे असतो, पण परतताना हैदराबादला उतरलो तर नांदेड जवळ पडतं. आत्ता माझ्याकडे हैदराबाद-पॅरिस-हैदराबाद रिटर्न आधीच काढलेलं आहे. जातानाचं सोडून दिलं, मुंबईहून वेगळं एकेरी काढलं आणि परतीचं तेच वापरलं तर?

सुहास काका
भाऊ, ते अजिबात करू नका. पहिला टप्पा वापरला नाही की पुढचं सगळं तिकीट आपोआप रद्द होतं, पॅरिसला काउंटरवर उभे राहाल तेव्हा तुमचं नाव यादीतच नसेल. कंपनीला फोन करून जाण्याचं शहर बदलून घ्या, चेंज फी आणि भाड्याचा फरक लागेल. पुढच्या वेळी सुरुवातीपासूनच मुंबईहून जाणं आणि हैदराबादला येणं असं एका तिकिटात मागा, हेही त्याच अर्ध्या-अर्ध्याच्या हिशोबाने लागतं.

नांदेडचा प्रवासी
वाचवलंत काका. उद्याच फोन करतो.

शिवाजी पार्क सायली
मृण्मयी, एकच गोष्ट बघ, पैसे भरायच्या आधी खात्री कर की दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर आणि एकाच ई-तिकीट नंबरवर आहेत. मागच्या वर्षी आम्ही एका पोर्टलवरून असंच घेतलं, स्क्रीनवर एकच बुकिंग दिसत होतं पण आतमध्ये दोन तिकीटं निघाली. जायचं विमान कंपनीने दोन दिवस पुढे ढकललं, आमची सुट्टीच बसेना, जाण्याचे पैसे परत मिळाले पण परतीचं तिकीट दुसऱ्या कंपनीचं, ते म्हणाले आमचं विमान तर वेळेवर आहे. तीन महिने ईमेल करत होते, शेवटी फक्त टॅक्स परत आला. एक तिकीट असतं तर सगळंच रद्द करून मागता आलं असतं. फार मनस्ताप झाला म्हणून सांगतेय.

ठाणेकर मृण्मयी
बापरे. कंपनीच्या साइटवरूनच घेईन. बरं, व्हिसाला याने अडचण येते का? शेजारच्या काकू म्हणाल्या ज्या देशात उतरतो तिथूनच परत यावं लागतं.

शिवाजी पार्क सायली
नाही गं, तसं काही नाही. शेंगेनला ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस तिथे अर्ज, सारखे दिवस असतील तरच आधी कुठे शिरतोय ते बघतात. तुझ्या इटलीत सहा रात्री, म्हणजे इटली.

सुहास काका
अजून एक सुचतंय. तू प्रवास उलटा करून बघितलास का, म्हणजे आधी पॅरिस, शेवटी रोम? विमानतळ सोडतानाचा सरकारी कर त्या देशाचा लागतो, उतरताना लागत नाही. फ्रान्सने मार्च २०२५ पासून लांबच्या विमानांवरचा तिकीट कर वाढवलाय, इकॉनॉमीला ४० युरो. रोमहून निघालीस तर तो वाचतो, इटलीचा स्वतःचा कर आहे पण त्यापेक्षा बराच कमी. लंडनचं तर यापेक्षा जोरात, तिथून भारताकडे निघताना एप्रिल २०२५ पासून इकॉनॉमीला ९० पाउंड लागतात आणि एप्रिल २०२६ पासून १०२. म्हणून लंडन असलेल्या ट्रिपला मी लंडन सुरुवातीला ठेवायला सांगायचो.

विमानवेडा पुणे
पण लंडनहून पॅरिसला जायला युरोस्टार केवढ्याला पडते बघितलंय का काका, कराचे वाचलेले पैसे त्यातच जातील.

सुहास काका
कधी काढता त्यावर आहे, काही महिने आधी काढली तर बरी मिळते, आयत्या वेळी महाग. पण लंडन आणि पॅरिस दोन्ही बघायचं तर मधलं अंतर एकदा कापावंच लागतं ना, कुठल्याही दिशेने. तो खर्च दोन्हीकडे सारखाच धरा.

ठाणेकर मृण्मयी
काका, उलटं टाकून बघितलं. मुंबई-पॅरिस जाताना, रोम-मुंबई येताना, त्याच तारखांना ५९,३००! म्हणजे आधीच्यापेक्षा २,६०० कमी, आणि साध्या रोम रिटर्नच्या वर फक्त पंधराशे.

पण आता वेगळाच प्रश्न उभा राहिलाय. स्वित्झर्लंडची चार रात्रींची हॉटेलं आधीच घेतलीयत, ती बरोबर मधोमध नाहीत म्हणून सात तारखेऐवजी चार तारखेला सरकवावी लागतील, त्यातलं एक नॉन-रिफंडेबल आहे. त्यांना विचारलंय तारीख बदलून देता का. आणि आईचं म्हणणं शेवटी पॅरिसच हवं, लेकीसाठी खरेदी करायचीय तिला आणि सामान घेऊन पुढे दहा दिवस फिरायचं नाहीये.

शिवाजी पार्क सायली
आईंचा मुद्दा बरोबर आहे, २,६०० साठी दहा दिवस जास्तीची बॅग ओढणं महाग पडेल. बाबांचे गुडघेही आहेत.

सुहास काका
मला मात्र बाबांसाठी शेवटी रोम बरं वाटतं. रोमला चालणं फार, ते शेवटी आलं तर जमेल तेवढंच बघायचं, हॉटेल स्टेशनजवळ घ्यायचं आणि तिथूनच विमानतळाची ट्रेन. पण हॉटेलवाला नाही म्हणाला तर दिशा बदलू नकोस, ६१,९०० हाही चांगला भाव आहे. स्वस्त सीटा संपायच्या आत घे.

ठाणेकर मृण्मयी
हॉटेलचा मेल येईपर्यंत थांबते, शुक्रवारपर्यंत नाही आला तर रोमहून सुरुवात करून तिकीट काढून टाकते. इथे कळवतेच.