डेटा सेव्हर कायम चालू ठेवावा का?

दुकानदार, लक्ष्मीपुरी : माझा रोजचा दीड जीबी डेटा दुपारीच संपतो, म्हणून अँड्रॉइड फोनमधला डेटा सेव्हर चालू केला, तेव्हापासून गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी उशिरा दिसतात. तो नक्की कोणती ॲप अडवतो? चालू ठेवावा की बंद करावा?

शिक्षिका, राजारामपुरी : चालूच ठेवावा. आपण वापरत नसताना ॲप मागच्या मागे डेटा ओढतात आणि खरी गळती तिथेच असते. शिवाय व्हिडिओचा दर्जाही आपोआप उतरतो.

मोबाइल दुरुस्ती, शाहूपुरी : ताई, पहिले वाक्य बरोबर आहे, शेवटचे नाही. डेटा सेव्हर समोर उघडलेल्या ॲपला डेटा कमी वापरण्याची केवळ सूचना देतो, आणि ती पाळायची की नाही हे त्या ॲपवर असते. सक्ती होते ती मोबाइल डेटावर मागे पडलेल्या ॲपवर. त्यातही गाणे वाजवणारे किंवा रस्ता दाखवणारे ॲप, ज्याची सूचना वरच्या पट्टीत सतत दिसते, ते चालूच राहते. व्हॉट्सॲपच्या बाबतीत मेसेज आल्याची वर्दी गूगलच्या सेवेमार्फत फोनपर्यंत पोहोचते, पण तो मेसेज उतरवून घ्यायला ॲपला वाट मिळत नाही, आणि मग नुसतेच "You may have new messages" असे दिसते. दुकानदारांना हेच दिसत असेल, तर दोष गिऱ्हाइकांचा नाही आणि नेटवर्कचाही नाही. डेटा सेव्हरच्या पानावर Unrestricted data ही यादी असते (काही कंपन्यांच्या फोनमध्ये तिचे नाव वेगळे असते), त्यात व्हॉट्सॲपला सूट द्यावी.

विद्यार्थी, सायबर चौक : माझे तर हॉटस्पॉटच सुरू होत नाही. सिम खराब झाले असेल का?

मोबाइल दुरुस्ती, शाहूपुरी : सिम ठीक असावे. डेटा सेव्हर चालू असताना अँड्रॉइड हॉटस्पॉट सुरू करू देत नाही. आधी तो बंद करून पाहा.

पेन्शनर, रंकाळा : मी तो बंदच ठेवतो आणि त्याचे कारण आकड्यांत आहे. डेटा वापराच्या पानावर प्रत्येक ॲपचा समोरचा आणि मागचा वापर वेगळा दिसतो. माझ्या फोनवर रील्सच्या ॲपने महिन्यात 20 जीबी खाल्ले, त्यातले जवळपास 19 मी स्वतः पाहत असताना! तिथे डेटा सेव्हर काय वाचवणार? दुकानदारांनी आधी हे पान पाहावे.

शिक्षिका, राजारामपुरी : तुमचे घर आणि त्यांचे दुकान सारखे नाही, काका. फोटोंचा बॅकअप आणि ॲपचे अपडेट मोबाइल डेटावर चालू राहिले, तर मागचा वापरही कमी नसतो. म्हणून चालू ठेवून एकट्या व्हॉट्सॲपला सूट देणेच मला पटते.

दुकानदार, लक्ष्मीपुरी : सूट दिली, ऑर्डरी वेळेवर दिसू लागल्या. मात्र ग्रुपमधले व्हिडिओही आता आपोआप उतरत आहेत.

मोबाइल दुरुस्ती, शाहूपुरी : सूट पूर्ण ॲपला मिळते, ऑर्डर आणि व्हिडिओ असा भेद फोन करत नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये Storage and data उघडून मोबाइल डेटावर आपोआप उतरणाऱ्या फाइलींच्या खुणा काढून टाका. काकांनी सांगितलेले पानही पाहा. समोरचा वापरच जास्त निघाला, तर डेटा पुन्हा दुपारीच संपेल.