सांत्वनाच्या मेसेजना, प्रत्येकाला उत्तर द्यायलाच हवं का?

हळदगावची: बाबा जाऊन आज सहा दिवस झाले. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर आयुष्यभर दिवाणजी होते, त्यामुळं माणसं खूप. मोबाईलवर तीनशेच्या वर मेसेज पडलेत. रात्री उत्तरं द्यायला बसते, पंधरा-वीस झाले की रडू फुटतं आणि मग झोपच नाही. सगळ्यांना द्यायलाच हवं का? नाही दिलं तर बाबांच्या माणसांना वाईट वाटेल ना?

कृष्णाकाठ: ताई, मोबाईल कपाटात ठेवा. आपल्याकडं समाचाराला आलेला माणूस उठताना 'येतो' सुद्धा म्हणत नाही, गुपचूप चप्पल घालून जातो, आणि घरातलंही कुणी त्याला आलात बरं झालं म्हणत नाही. मग मेसेजलाच आभार कुठून आले? सुतकात कुणी अपेक्षा धरत नाही.

माहुलीकर: नाही पटलं. दारात आलेल्याला तुम्ही दिसता, तो तुमच्याजवळ दोन मिनिटं बसतो, त्याचं येणं पोचलं हे त्याला कळतं. पुण्यात बसून लिहिणाऱ्याला काय कळणार? माझे वडील गेले तेव्हा मी कुणालाच उत्तर दिलं नाही, आणि त्यांचा एक जुना मित्र वर्षभर समजत होता की मी त्याच्यावर रागावलोय. मी तर म्हणेन प्रत्येकाला द्या, भले दोन महिने लागूदेत.

पिंटू_विश्रामबाग: एवढं कशाला, ब्रॉडकास्ट लिस्ट करा, एकदा लिहा, सगळ्यांना जातंय. पाच मिनिटांचं काम.

मिरजेची मावशी: पिंटू, अर्धंच बरोबर आहे तुझं. ब्रॉडकास्ट फक्त त्यालाच पोचतं ज्याच्याकडं तुझा नंबर सेव्ह आहे. हिच्या बाबांच्या ओळखीच्या शेतकऱ्यांकडं, हमालांकडं हिचा नंबर कुठला असणार, त्यांना काही जाणार नाही आणि हिला वाटणार सगळ्यांना गेलं. पाठवल्यावर एकच टिक राहिली की समजायचं नाही की फोन बंद आहे, बऱ्याचदा हेच कारण असतं.

बाळ, माझी आई गेली तेव्हा माझ्याकडं पावणेतीनशे होते. पहिले तीन दिवस मीही तुझ्यासारखंच केलं. मग भाच्याच्या हातात फोन दिला, कारण दमवतं ते लिहिणं नाही, प्रत्येक मेसेज उघडून परत तीच बातमी वाचणं दमवतं. तो वाचायचा, आणि ज्यात आईची काही आठवण लिहिलेली असेल तेवढ्याच मेसेजला स्टार करायचा. निघाले तेवीस. नुसतं 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि हात जोडलेले, त्यांना काहीच दिलं नाही. ग्रुपवर ज्यांनी लिहिलं त्यांना त्या त्या ग्रुपवर एकच निरोप. बाकीच्यांना, ज्यांनी स्वतंत्र दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यांना भाच्यानं माझ्या नावानं हे पाठवलं: 'तुमचा निरोप पोचला. आईच्या माघारी तुम्ही आठवणीनं लिहिलंत, आम्हा सगळ्यांना आधार वाटला. फोनवर बोलायला अजून थोडे दिवस लागतील.'

शेवटचं वाक्य गाळू नकोस. मी आधी नुसतं 'धन्यवाद' पाठवत होते तर लगेच फोन यायचा, नाहीतर 'काय झालं होतं एकदम?' आणि परत दवाखान्यापासून सगळं सांगत बसायचं. ते वाक्य घातल्यावर ते थांबलं.

तेवीस मात्र मी स्वतः लिहिले, तेराव्यानंतर, सकाळी चहा झाल्यावर, रोज दोन. रात्री कधीच नाही. एका बाईनं लिहिलं होतं की आईनं तिला बाळंतपणात डिंकाचे लाडू पोचवले होते, मला माहीतच नव्हतं. तिला लिहिताना रडले, पण ते रडणं वेगळं होतं.

वाईची_अनघा: तेराव्याच्या पत्रिका छापू नका ताई, आमच्या पत्रिका कार्य झाल्यावर पोचल्या आणि भावकीत केवढे रुसवे झाले. सरळ फोन करा.

कृष्णाकाठ: अनघाताई, त्या मेसेजच्या उत्तराचं विचारतायत. मावशी, बाकी पटलं, पण भाच्यानं तुमच्या नावानं लिहायचं हे मला बरोबर वाटत नाही. माणसाला वाटतं ती स्वतः बोलली. त्यापेक्षा त्यानं त्याच्या नावानं लिहावं, 'मावशीच्या वतीनं'.

मिरजेची मावशी: शब्द माझेच होते, त्यानं फक्त पाठवलं. पण तुमचं म्हणणं खोटं नाही. एकीनं उत्तराला परत मनातलं लिहिलं, ते त्या पोरानं वाचलं आणि मला चार दिवसांनी कळलं.

माहुलीकर: आणि नुसते हात जोडणाऱ्यांना काहीच नाही? खेड्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांना टाईप करता येत नाही, नातवाकडून तेवढंच पाठवून घेतात. त्यांचं दुःख काय कमी असतं?

मिरजेची मावशी: हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. नाव बघून ठरवायला पाहिजे, मेसेजची लांबी बघून नाही. मग भाच्याला जमणार नाही, बाबांची माणसं ओळखणारं कुणीतरी शेजारी बसायला हवं.

हळदगावची: अडतीवरचे एक काका सगळ्यांना ओळखतात, त्यांना उद्या बोलावते. चुलतभाऊ त्याच्या नावानं पाठवेल. पण एक राहिलंच, एका हमालमामांनी व्हॉइस मेसेज पाठवलाय, चार मिनिटांचा. सुरुवातीला 'दिवाणजी' म्हणून हाक मारतात आणि मी तिथंच बंद करते. त्यांना न ऐकता काय लिहू?

माहुलीकर: ऐकल्याशिवाय नकोच लिहू.

मिरजेची मावशी: मी म्हणेन आज एवढंच लिही, 'मामा, तुमचा आवाज पोचला, अजून पुरता ऐकवत नाही.' आणि तो मेसेज स्टार करून ठेव.