मदत हवी आहे: सीएमएफ एका दिवसात +०.३६ वरून −०.२० कसा गेला?

निपाणीचा_बाळू: साखरेचा एक छोटा शेअर घेऊन बसलोय. पैसा आत येतोय की बाहेर चाललाय ते दाखवणारा सीएमएफ काल +०.३६ होता, आज बघतो तर −०.२०. भाव कालचाच, बातमी नाही, व्हॉल्यूम पण रोजचाच. ॲप बिघडलंय की कोण माल ओततंय? विकू का, सकाळी बाजार उघडायच्या आत सांगा.

अथणी_ट्रेडर: शून्याखाली गेला म्हणजे पैसा बाहेर चाललाय, सरळ विक. मी कधी वाट बघत नाही.

खानापूरची_सुनीता: थांबा. बाळू, किती दिवसांचा लावलायस? डेली काय?

निपाणीचा_बाळू: डेलीच की. २०, जे आधीपासून असतंय ते.

गोकाक_काका: माझा एक शेअर तीन दिवस अप्पर सर्किटला कुलूपबंद होता, हाय-लो एकच, तरी सीएमएफ खालीच येत होता. हाय-लो सारखे असले की माझं ॲप त्या दिवसाला शून्य धरतंय, पण व्हॉल्यूम मात्र खाली भागाकारात मोजतंय. तुझंही सर्किटच असणार.

खानापूरची_सुनीता: काका, त्याचा भाव सर्किटला नाही. बाळू, आजपासून बरोबर २० सत्रं मागचा बार बघ, मोठा व्हॉल्यूम होता?

निपाणीचा_बाळू: अरे हो की! त्या दिवशी २० लाख शेअर झाले होते, बंद पण अगदी वर. एरवी रोज एक लाखाच्या आसपास. पण ते जुनं झालं ना आता.

खानापूरची_सुनीता: जुनं झालं म्हणूनच तर. दिवसाच्या हाय-लोमध्ये बंद कुठे झाला त्यावरून गुणक निघतो, तो व्हॉल्यूमला गुणायचा. तो दिवस हायजवळ बंद झाला, गुणक ०.९ धर, म्हणजे +१८ लाख. बाकीचे १९ दिवस गुणक −०.२ धरला तर मिळून −३.८ लाख. बेरीज १४.२, भागिले एकूण व्हॉल्यूम ३९ लाख, आला ०.३६. आज तो बार खिडकीतून बाहेर पडला आणि एक साधा दिवस आत आला. आता −४ भागिले २०, म्हणजे −०.२०. आज कुणी वेगळं काही विकलेलं नाही.

अथणी_ट्रेडर: मग ५० लावायचा, असला घोळच नको.

खानापूरची_सुनीता: दादा, मग तोच धक्का ३० सत्रांनी बसेल, थोडा बोथट होऊन, पण बसेल. शून्य ओलांडलं की आधी बघायचं, नवा बार मोठा आला की जुना गेला.

निपाणीचा_बाळू: म्हणजे विकायचं नाही ना?

खानापूरची_सुनीता: तसं मी म्हटलं नाही. खरी फसवणूक तर +०.३६ ची होती. १९ दिवस −०.२ म्हणजे समज रोज ५० ते ५२ फिरून ५०.८० ला बंद. भाव जागेवर दिसतो, पण वर गेला की कोणतरी देतंय.

अथणी_ट्रेडर: मग मीच बरोबर!

खानापूरची_सुनीता: उत्तर जुळलं, कारण नाही जुळलं. आणि लाखभर व्हॉल्यूमवर −०.२० ला मी तरी एवढं वजन देणार नाही. हा आकडा कालचा बंद भाव बघतच नाही, उद्या गॅप देऊन वर उघडला तरी त्याला ते कळणार नाही.

निपाणीचा_बाळू: ताई, रोजचे हाय-लो काढून बसतो आता. १९ दिवस खरंच तसेच बंद झालेत का बघतो, मग सांगतो.

गोकाक_काका: माझ्या सर्किटचं कुणी सांगेल काय?