शब्दचर्चा: ‘सौम्य’ नेमकं कशाला म्हणायचं? बायॉप्सीच्या रिपोर्टातले तीन शब्द

कृष्णाकाठ
आत्या ५८ वर्षांची आहे. लग्न होऊन आली तेव्हापासून दोन वेळा मिश्री लावते. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा आला म्हणून दाताच्या डॉक्टरांनी छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टची शेवटची ओळ अशी: ‘हायपरकेरॅटोसिस विथ मॉडरेट एपिथेलियल डिसप्लेसिया. नो एव्हिडन्स ऑफ इन्व्हेजन इन द सेक्शन्स एक्झामिन्ड.’

सरांना वेळ नव्हता, तिथल्या शिकाऊ मुलीने समजावलं. ती म्हणाली, “बिनाइन म्हणता येत नाही, पण कार्सिनोमा इन सिटूसुद्धा नाही. सौम्य आणि तीव्र यांच्या मधलं आहे.” आत्याने त्यातलं ‘मधलं’ तेवढं उचललं आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, मला दुसऱ्या स्टेजचा कॅन्सर आहे. दोन दिवस जेवली नाही.

पुढच्या आठवड्यात सर्जनला दाखवायचं आहे. त्याआधी मला तिच्याशी नीट बोलायचंय. बिनाइन, डिसप्लेसिया आणि कार्सिनोमा इन सिटू हे तीन शब्द मराठीत कसे सांगावेत?

तत्सम
बिनाइन हा लॅटिनमधून आलेला शब्द, मूळ अर्थ दयाळू, भला. मराठीत ‘सौम्य’ रूढ आहे आणि चांगला आहे. डिसप्लेसियात ग्रीक ‘डिस’ म्हणजे बिघडलेलं आणि ‘प्लासिस’ म्हणजे घडण, म्हणून ‘दुर्घटन’ व्हायला हवं होतं, पण ती जागा दुर्घटनेने अडवली आहे! ‘दुर्विकास’ चालेल. कार्सिनोमा इन सिटू म्हणजे ‘स्वस्थानी कर्करोग’.

मेडिकलवाला
भाऊ, घाबरू नका. डिसप्लेसिया म्हणजे पेशी बिघडल्यात, कॅन्सर नाही. बिनाइन म्हणजे काहीच नाही, विसरून जायचं. इन सिटू म्हणजे पहिली स्टेज. आत्याचं त्याच्या आधीचं आहे. मिश्री बंद केली की आपोआप जाईल.

चिऊची_आई
आमच्या चिऊला जन्मतः डिसप्लेसिया होता, डाव्या खुब्याचा. बारा आठवडे पट्टे बांधले होते, आता शाळेत खो-खो खेळते. तेव्हा आत्यांना सांगा, बरा होतो हा आजार. मलाही तेव्हा कोणीतरी कॅन्सरचं म्हणालं होतं आणि मी रात्रभर रडले होते.

पॅराफिन
मी पॅथॉलॉजिस्ट आहे, असे रिपोर्ट रोज लिहिते. आधी चिऊच्या आईंना: तुमचा आणि आत्यांचा शब्द एकच, पण आजार वेगळे. खुब्याची वाटी पुरेशी खोल घडली नाही, तो घडणीतला दोष. आत्यांच्या गालात घडण झालेल्या कातडीच्या पेशी नंतर बिघडल्या. दोन्हीकडे ‘घडण नीट नाही’ एवढंच समान. तुमचं उदाहरण आत्यांना दिलं तर त्यांना खोटा दिलासा मिळेल, आणि पुढच्या वेळी बाळाच्या खुब्याचा रिपोर्ट घेऊन कोणी आलं की तुमच्यासारखीच रात्र काढेल.

आता खरी गडबड. तत्सम, तुमचं ‘सौम्य’च आमच्याकडे सर्वांत जास्त घोटाळा करतं. बिनाइनलाही सौम्य म्हणतात आणि माइल्डलाही. माइल्ड डिसप्लेसियाचं ‘सौम्य डिसप्लेसिया’ झालं की पेशंट समजतो आपली गाठ सौम्य, म्हणजे साधी. मग तपासणीला येत नाही. उलटंही होतं. छातीत साधी गाठ असलेल्या बाईला ‘सौम्य ट्यूमर’ सांगितलं तर ती घरी जाऊन म्हणते, मला सौम्य कॅन्सर झालाय. कृष्णाकाठ, तुमच्या आत्यांना सांगितलेलं ‘सौम्य आणि तीव्र यांच्या मधलं’ हे मुळात माइल्ड आणि सिव्हिअर यांच्या मधलं होतं. ती बिघाडाची प्रत, म्हणजे ग्रेड आहे, स्टेज नाही.

दुपदरी
हे अगदी खरं. मी रुग्णांसाठीची माहितीपत्रकं मराठीत करते. एका पत्रकात पहिल्या पानावर ‘सौम्य गाठ धोकादायक नसते’ आणि तिसऱ्या पानावर ‘सौम्य बदलांकडे दुर्लक्ष करू नका’ असं छापून गेलं होतं. दोन्ही वाक्यं माझीच. तेव्हापासून बिनाइनला ‘कॅन्सरची नसलेली’ आणि माइल्डला ‘थोडा’ लिहिते. सौम्य हा शब्द टाकूनच दिला.

मेडिकलवाला
मग माझं काय चुकलं? मीही तेच म्हणालो, कॅन्सर नाही.

पॅराफिन
ते बरोबरच आहे. बाकीचं अर्धं. बिनाइन म्हणजे ‘विसरून जा’ असं नाही. कानाच्या पुढे लाळग्रंथीत एक गाठ होते, प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा. बिनाइनच, पण काढताना थोडी मागे राहिली तर पुन्हा उगवते, आणि वर्षानुवर्षं तशीच ठेवली तर कधीकधी त्यातून कॅन्सर निघतो. दुसरं, इन सिटू ही पहिली स्टेज नव्हे, शून्य. आणि मिश्री बंद केल्यावर काही चट्टे खरंच विरतात, पण मॉडरेट असताना त्या भरवशावर कोणी बसत नाही. सर्जन बहुधा चट्टा काढायला सांगतील, निर्णय त्यांचा.

शून्य का, ते सांगते. गालाच्या आतलं अस्तर म्हणजे एकावर एक पेशींचे थर. सर्वांत खाली नव्या पेशी जन्मतात, वर सरकत चपट्या होतात. थरांच्या तळाशी एक अतिशय पातळ पडदा असतो. रक्तवाहिन्या, लसिकावाहिन्या त्या पडद्याच्या खाली. वरच्या थरांत एकही नाही. डिसप्लेसियात खालच्या पेशी मोठ्या, गडद केंद्रकाच्या, वेड्यावाकड्या दिसू लागतात. ढोबळमानाने बिघाड खालच्या तिसऱ्या हिश्श्यात असेल तर माइल्ड, मधल्या हिश्श्यापर्यंत चढला तर मॉडरेट, त्याच्या वर गेला तर सिव्हिअर. पूर्ण जाडीभर असेल तर कार्सिनोमा इन सिटू. तोंडाच्या बाबतीत शेवटचे दोन आता एकच धरतात. पण पडदा शाबूत असतो. तो फोडून पेशी खाली उतरल्या की तो इन्व्हेजन, आणि मगच त्या गळ्यातल्या लसिकागाठींपर्यंत जाऊ शकतात. पडद्याच्या वर त्यांना वाटच नाही.

कृष्णाकाठ
हे समजलं. आत्याच्या भाषेत सांगायचं तर? तिचा नवरा गवंडी होता.

पॅराफिन
मग सोपं आहे. विटांची भिंत घ्या. माइल्ड म्हणजे खालचे थोडे थर वाकडे, मॉडरेट म्हणजे भिंतीच्या मध्यापर्यंत वाकडे गेलेत, इन सिटू म्हणजे वरपर्यंत सगळी भिंत वाकडी. पण जोत्याखाली काही उतरलेलं नाही.

तत्सम
उपमा छान, पण माझा आक्षेप राहतो. नावात कार्सिनोमा आहे. कार्सिनोमातला ग्रीक शब्द खेकड्याचा, आणि आपला ‘कर्क’ही खेकडाच. ‘इन सिटू’ कितीही गोंडस केलं तरी तुम्ही रुग्णाला कर्करोग हा शब्द ऐकवणार. भाषांतर प्रामाणिक हवं, त्यातला कर्करोग गाळता येणार नाही.

दुपदरी
गाळू नका, पण क्रम बदला. ‘स्वस्थानी कर्करोग’मध्ये स्वस्थानी कोणाला कळत नाही, कर्करोग मात्र सगळ्यांना कळतो. मी लिहिते: ‘कॅन्सरसारख्या दिसणाऱ्या पेशी, पण अजून जागच्या जागी.’

पॅराफिन
नावावर आमच्यातही एकमत नाही. स्तनात लोब्युलर कार्सिनोमा इन सिटू नावाचा प्रकार आहे. कॅन्सरची स्टेज ठरवायच्या नियमांच्या आठव्या आवृत्तीत तो कॅन्सरच्या यादीतून काढून टाकला, बिनाइन धरला. नावात कार्सिनोमा अजून आहेच! म्हणून मी म्हणते, नावावरून पेशंटला घाबरवू नका आणि नावावरून निश्चिंतही करू नका.

मेडिकलवाला
ताई, एक शंका. ‘इन द सेक्शन्स एक्झामिन्ड’ कशाला लिहिता? हात वर करायला?

पॅराफिन
थोडं तसंही, खोटं का बोलू. पण त्यात मोलाचा इशारा आहे. चट्टा समजा दोन सेंटिमीटरचा असेल आणि आमच्याकडे आलेला तुकडा पाच मिलिमीटरचा. तो मेणात बसवून चार-पाच मायक्रॉनचे काप काढतो. मी ज्यावर सही करते ते एवढ्याच कापांबद्दल. शेजारच्या जागी काय आहे ते मला दिसलेलं नाही. पूर्ण चट्टा काढल्यावर प्रत वाढलेली किंवा पडदा फुटलेला सापडतो, असं होतं. म्हणून सर्जन लालसर किंवा खडबडीत भागातून तुकडा घेतात.

दुसरी अडचण, काप तिरका गेला तर अस्तर खरं असतं त्यापेक्षा जाड दिसतं आणि खालच्या पेशी मधेच उगवल्यासारख्या वाटतात. मग तुकडा उलटून पुन्हा मेणात बसवावा लागतो. तिसरी, तोंडात बुरशी असली तरी पेशी बिघडल्यासारख्या दिसतात. आधी बुरशीचं औषध, मग पुन्हा तुकडा. आत्यांच्या रिपोर्टात पीएएस स्टेनचा, म्हणजे बुरशी दाखवणाऱ्या रंगाचा, उल्लेख आहे का, बघा.

आणि कबूल करायला हवं, माइल्ड की मॉडरेट यावर दोन पॅथॉलॉजिस्टांचं नेहमी जमत नाही. म्हणून काहीजण ‘कमी जोखीम’ आणि ‘जास्त जोखीम’ एवढे दोनच गट करतात. शंका असेल तर मेणाचा ठोकळा आणि काचा लॅबमधून मागून घ्या, दुसरीकडे दाखवा. मुंबईला टाटाला लोक असेच घेऊन जातात. नवीन तुकडा काढावाच लागतो असं नाही.

दुपदरी
अजून एक शब्द राहिला. ‘कॅन्सरपूर्व’. मी तो वापरते, पण वाचणाऱ्याला वाटतं पूर्व आहे म्हणजे उत्तर येणारच.

पॅराफिन
म्हणूनच तोंडाच्या चट्ट्यांसाठी ‘प्रीकॅन्सरस’ सोडून ‘पोटेन्शियली मॅलिग्नंट’ म्हणावं असं २००५ मध्ये लंडनच्या कार्यशाळेत ठरलं. सगळे चट्टे तिकडे जात नाहीत. मराठीत एका शब्दात बसत नाही, ‘पुढे कॅन्सर होऊ शकतो असा चट्टा’ असंच म्हणते मी.

तत्सम
‘संभाव्य’ म्हणा.

पॅराफिन
संभाव्य म्हटलं की लोक ‘बहुतेक होणार’ असं ऐकतात.

कृष्णाकाठ
काल बोललो. पाटीवर भिंत काढली. तिने जोत्याची रेघ स्वतः काढून घेतली आणि म्हणाली, “वाकडी भिंत पाडून पुन्हा बांधतात. तुझे काका बांधायचे. मग डॉक्टर पाडणार का?” म्हटलं, चट्टा काढतील बहुधा. तिथवर ठीक होतं. मग विचारलं, “मध्यापर्यंत वाकडी झाली, हे कधी झालं? मिश्री सोडली असती तर खालीच थांबली असती का?” याला काय उत्तर देऊ ते मला कळलं नाही.

पीएएस बघितलं, बुरशी नाही असं लिहिलंय. आणि मिश्रीचा डबा अजून फळीवरच आहे, फक्त मागे सरकवलाय.

पॅराफिन
कधी झालं ते काचेवर लिहिलेलं नसतं, तेवढं खरं सांगा. डबा मात्र सर्जनकडे जाण्याआधी फळीवरून जाऊ द्या. तिथे पहिला प्रश्न तोच असेल.