फोटोतली पाण्याची बाटली आणि लायसन्स नंबर

"म्हापशाच्या बसस्टँडवर घेतलेल्या बाटलीचा फोटो टाकलाय. ब्रँड नेहमीचाच वाटतो, आयएसआयचा शिक्काही आहे. खरी आहे का?"

दादा, ब्रँडचं नाव बाजूला ठेवा. लायसन्स ब्रँडला नसतं, बाटली भरणाऱ्या कारखान्याला असतं, त्यामुळे एकाच नावाच्या बाटल्यांवर वेगवेगळे नंबर असू शकतात. तुमच्या फोटोत शिक्क्यावर IS 14543 दिसतं, म्हणजे साधं पॅकेज्ड पाणी. मिनरल वॉटरला IS 13428 असतं. शिक्क्याखालचा CM/L नंबर, म्हणजे कारखान्याचा लायसन्स नंबर, मात्र बाटलीच्या गोलाईत गेलाय, शेवटचा आकडा 3 की 8 कळत नाही. बाटली फिरवून अजून एक फोटो काढा.

मग आयएसआयचा शिक्का देणाऱ्या सरकारी संस्थेच्या BIS Care अॅपमध्ये Verify Licence Details उघडून तो नंबर टाका. नुसता नंबर सापडला म्हणून थांबू नका. कारखान्याचं नाव, पत्ता आणि लायसन्स चालू आहे का, हे लेबलाशी ताडून बघा. मागे फोंड्याला घेतलेल्या एका बाटलीवरचा नंबर खरा निघाला, पण तो दुसऱ्याच कारखान्याचा होता. खाद्यपदार्थांवर देखरेख ठेवणाऱ्या एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर foscos.fssai.gov.in वर असाच बघता येतो. सरबत, सोडा असेल तर मुख्यतः हाच बघायचा.

ऑक्टोबर 2024 मध्ये पाण्यावरची आयएसआयची सक्ती एफएसएसएआयने काढली, त्यामुळे शिक्का नाही म्हणून बाटली बनावट ठरत नाही. पण छापलेला शिक्का खोटा असेल तर तो गुन्हाच.

फोटोवरून लेबल तपासता येतं, आतलं पाणी नाही. झाकणाखालची कडी आधीच तुटलेली होती का, तेवढं आठवून सांगा.