विषय: एचआरचं पत्र बँकेने परत पाठवलं (घाई आहे)

सुमेध:
मंडळी, घराचं काम अडलंय. शुक्रवारपर्यंत कर्जाचे कागद द्यायचेत आणि पगाराचा दाखला बँकेने आज परत केला. पत्रात "वार्षिक वेतन 96,000", पे-स्लिपवर महिन्याला 6,000. बँक म्हणते ताळमेळ नाही, एचआर म्हणते आमचं पत्र असंच निघतं. कुणाकडे नमुना आहे का?

अनंतकाका:
पत्राच्या नादी लागू नकोस. सहा महिन्यांच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट दे, काम होतं. आमचं झालं होतं.

माधवी:
काका, पगार स्लिपवरून कळतो. पण नोकरी कायम आहे की कराराची, प्रोबेशन संपलं का, हे स्लिपवर सहसा नसतं. बँकेला पत्र हवं ते त्यासाठी. सुमेध, 96,000 मध्ये बोनस धरलाय का?

सुमेध:
हो ताई. ठरलेला पगार 72,000, बोनस जास्तीत जास्त 24,000, तोही वर्षातून एकदा.

माधवी:
मग गाठ तिथेच आहे. 72,000 भागिले 12 म्हणजे 6,000. स्लिप बरोबर आहे, पत्रच मोघम आहे. मी पेरोलला होते तेव्हा नुसतं "दाखला द्या" असं आलं की आम्हीही छापील साचाच काढून द्यायचो. म्हणून नेमकं माग: पत्र बँकेच्या नावाने, ताज्या तारखेचं, रुजू झाल्याची तारीख, पद, नोकरी कायम की कराराची, ठरलेला पगार आणि बोनस वेगवेगळ्या ओळींत, खाली सही करणाऱ्याचा हुद्दा आणि ऑफिसचा फोन. बँकेचा मेल सोबत जोड. "पुढेही नोकरीत राहतील" असं मात्र लिहून मागू नकोस. तसली हमी द्यायला एचआर बिचकते, मग पत्र वकिलाकडे जाऊन पडून राहतं.
आणि 24,000 च्या भरवशावर कर्जाचा आकडा धरू नकोस. मागच्या वर्षांचा बोनस खरंच जमा झाल्याचं दिसलं तर काही बँका त्यातला थोडा भाग धरतात, काही अजिबात नाही.

निलेश:
माझ्या पत्रात आकडे चोख होते, नाव चुकलं! पासपोर्टवर वडिलांचं नाव आहे, पेरोलमध्ये नाही. वर बँकेने पडताळणीला फोन केला तर रिसेप्शनने "माहिती देत नाही" म्हणून ठेवून दिला. आधी एचआरला सांगून ठेव, फोन येईल म्हणून.

वैशाली:
ही ईमेल यादी कार्यक्रमांसाठी आहे. मागच्या बैठकीत ठरलंय.

अनंतकाका:
ठरलं नव्हतं. चर्चा झाली होती.

सुमेध:
एचआरचं उत्तर आलं. बोनस वेगळा दाखवतील, पण बँकेच्या नावाने पत्र देत नाहीत, धोरण म्हणे. आता?

माधवी:
बँकेला विचार, त्यांचा स्वतःचा पडताळणी फॉर्म आहे का. असला तर एचआरने तो भरून परस्पर त्यांना पाठवायचा. तुझ्या हातून नको, नाहीतर पुन्हा शंका काढतील.

सुमेध:
फॉर्म आहे. पण एचआरची सही करणारी बाई गुरुवारपर्यंत रजेवर.

निलेश:
तिच्या जागी कोण सही करतं?