अनुभव द्या: आधी कोपऱ्यात लावून बघितलं, तरी फसलात का?

ओलीघडी: सोफा साफ करायच्या फवाऱ्याच्या बाटलीवर लिहिलेलं असतं, 'प्रथम न दिसणाऱ्या जागी वापरून पाहा.' मी पाहिलं होतं हो! सोफा मरून, शिवणीवर क्रीम पाइपिंग. गादी उलटून खालच्या बाजूला फवारलं, पाच मिनिटांनी पांढऱ्या फडक्याने टिपलं. फडक्यावर पुसटसं गुलाबी दिसलं, म्हटलं मळ असेल. मग बसायची बाजू चांगली ओली करून पुसली. संध्याकाळी सगळं झकास. सकाळी मात्र क्रीम पाइपिंग गुलाबी! कापड ओलं असताना काही दिसलं नाही, मग हे आलं कुठून? तुमचंही असं झालं असेल तर लिहा.

सूतकताई: माझा पांढरा शर्ट मशीनमध्ये लाल टॉवेलबरोबर गेला आणि गुलाबी झाला. तो परत पांढरा कसा करायचा?

ओलीघडी: अहो, ते धुण्यातलं झालं. मी लावून बघण्याबद्दल विचारतेय.

जुनाब्रश: सोफे-गालिचे धुण्यात अठरा वर्षं गेली, म्हणून सांगतो. ताई, उत्तर तुमच्या फडक्यावरच होतं. मळ करडा किंवा मातकट येतो. कापडाच्याच रंगाची छटा आली तर तो रंग सुटतोय. खात्री नसेल तर फडक्याची स्वच्छ बाजू घेऊन त्याच जागी तीन-चारदा टिपा. मळ असेल तर दरवेळी कमी होत जातो, रंग असेल तर येतच राहतो. घासू नका, दाबून टिपा, नाहीतर लव विस्कटते आणि तेच नुकसान वाटायला लागतं.

आता सकाळचं कोडं. पाणी वर आणि कडेला येऊन उडतं. सुटलेला रंग त्या पाण्याबरोबर सरकतो आणि शेवटी जिथे ओल राहते तिथे साठतो. तुमची दुमडलेली शिवण जाड आहे, ती सगळ्यात उशिरा वाळली, आणि क्रीमवर थोडाही रंग लपत नाही. म्हणून नुसत्या मरूनवर लावून उपयोग नाही. दोन रंग भेटतात अशी शिवण मागच्या-खालच्या बाजूला शोधायची, प्रत्यक्षात करणार तेवढीच ओली करायची, पुसणार तशीच पुसायची आणि पूर्ण वाळू द्यायची. मी तरी रात्रभर ठेवतो.

मीठपाणी: त्यापेक्षा आधी मिठाचं पाणी मारायचं, रंग पक्का होतो. आमच्या घरी सगळे असंच करतात.

जुनाब्रश: रंगवताना मीठ लागतं, म्हणून ही समजूत. सुती कापड रंगवताना मिठामुळे रंग धाग्याकडे ओढला जातो. पण आधीच सैल राहिलेला रंग घरी मीठ मारून बसेल याचा भरवसा नाही. वर सोफ्यातून ते मीठ धुऊन काढणार कसं?

मीठपाणी: आमच्या चादरींना तरी फरक पडला आहे.

खिडकीपाशी: माझं उलटं झालं. निळ्या गालिच्याच्या कोपऱ्यात डाग काढायचं द्रावण लावलं, फडकं पांढरंफेक राहिलं. मी निर्धास्त. दुसऱ्या दिवशी उजेडात तिथे फिकट पिवळसर वर्तुळ. रंग सुटला नव्हता, उडाला होता! बाटलीत ब्लीच होतं, ते मी नंतर वाचलं. तेव्हापासून फडकं आणि वाळलेलं कापड दोन्ही बघते, तेही बाजूच्या न लावलेल्या कापडाशेजारी ठेवून.

फरशीवाला: कापडाचं चाललंय, पण माझाही घ्या. संगमरवरावर दाराआड टॉयलेटचा आम्ल क्लीनर लावून बघितला, लगेच पुसला. वरून ट्यूबलाइटमध्ये ठीक दिसलं. मग बाथरूमच्या उंबऱ्यावर वापरला. चकाकी गेली. मी डाग समजून आणखी घासत बसलो. शेवटी मोबाइलचा टॉर्च फरशीला टेकवून आडवा धरला, तेव्हा दाराआडचा तुकडाही मळकट-मॅट दिसला. म्हणजे मी लावून बघितलं होतं, पण नीट बघितलंच नव्हतं.

जुनाब्रश: आम्लाने दगडच खाल्ला, डाग नव्हे. आता पुसून जाणार नाही, पॉलिश करावं लागेल.

ओलीघडी: माझी पाइपिंग?

जुनाब्रश: वचन देत नाही. थोडा रंग थंड पाण्याने टिपून निघू शकतो, पण ओल मरूनपर्यंत गेली तर नवा रंग येईल. ब्लीचला हात लावू नका. आधी मागच्या शिवणीवर करून बघा.

ओलीघडी: केलं. रात्रभर पंखा लावून ठेवला होता. गुलाबी अर्धं गेलंय, नवं काही आलेलं नाही. पण मरूनची लव एका दिशेला चिकटून बसलीय, हात फिरवला की कडक लागते. हे साबणाचं उरलेलं की कापडच गेलं?

जुनाब्रश: नुसत्या पाण्याने टिपून, वाळवून मऊ ब्रश फिरवा. मऊ झालं तर साबण. नाही झालं तर फोटो टाका, मग बोलू.